श्रवणबेळगोळच्या मराठी लेखातील अखेरची ओळ

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायांलगतच्या दगडावर मराठी भाषेतील दोन ओळी नागरी लिपीत कोरलेल्या आहेत. पहिली ‘श्री चावुंडराजें करवियलें’ आणि दुसरी, म्हणजेच लेखाची अखेरची, ‘श्री गंगराजे सुत्ताले करवियले’. पहिल्या ओळीच्या अर्थाविषयी फारसा वाद नाही. चामुंडराय हा गंग राजा राचमल्ल याचा मंत्री होता. त्याने ही मूर्ती करविली, एवढेच ती सांगते. अडचण सर्व दुसऱ्या ओळीत आहे. तिच्या वाचनावर केवळ तिचा अर्थ अवलंबून नाही, तर पहिल्या ओळीचा काळही काही अंशी अवलंबून आहे. मराठीचे आद्य वाक्य म्हणून पाठ्यपुस्तकांनी शके 905 (इ.स. 983) या वर्षाशी जी ओळ दीर्घकाळ जोडली ती हीच असल्यामुळे हा प्रश्न बारकाईने तपासणे अवश्य ठरते.

आजच्या मराठी कानाला ‘गंगराजे’ हे आदरार्थी प्रथमेचे रूप वाटते. ‘शिवाजीराजे’ म्हणावे तसे. तसे घेतल्यास ‘करवियले’ हे क्रियापदही आदरार्थी अनेकवचन मानावे लागेल. हे वाचन टिकत नाही. पहिल्या ओळीतील ‘चावुंडराजें’ या रूपावर अनुस्वार असून ते उघड तृतीयेचे आहे, आणि ‘करवियलें’ हे कर्मणी भूतकाळाचे रूप आहे. दोन्ही ओळींची घडण एकच असल्याने दुसऱ्या ओळीतील कर्ताही तृतीयेतच घेतला पाहिजे. अर्थात तेथे अनुस्वार गळला आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील विवेचनात तिचा पुन्हा उपयोग होतो.

आता ‘सुत्ताले’ या शब्दाकडे वळू जाता, मराठीच्या शब्दकोशात त्याचा ठाव लागत नाही. कानडी न जाणणाऱ्या वाचकाला त्याचा सूत किंवा सुतार यांच्याशी संबंध जोडण्याचा मोह होईल; पण उत्तर त्याच मूर्तीच्या दुसऱ्या बाजूस कोरलेले आहे. तेथे चामुंडरायाविषयी एक कानडी व एक तमिळ ओळ असून, त्यांखेरीज गंगराजाविषयी कानडी ओळ आहे. तिच्यात ‘सुत्तालयवं माडिसिदं’ असे शब्द येतात. ‘सुत्तु’ म्हणजे भोवती; सुत्तालय म्हणजे मूर्तीभोवतीचे बांधकाम, आवार. गंगराजाच्या श्रवणबेळगोळ येथील इतर लेखांतही गोमटेश्वराभोवती सुत्तालय बांधविल्याचे श्रेय त्याला दिलेले आढळते. म्हणून शब्दाचा अर्थ निश्चित झाला असे मानण्यास हरकत नाही.

अर्थ निश्चित झाला तरी रूप निश्चित होत नाही. शेवटचा ‘ए’ तीन प्रकारे लावता येतो. पुल्लिंगी अनेकवचन मानल्यास ‘सुत्ताले करवियले’ म्हणजे ‘आवारे’ किंवा ‘भोवतालच्या ओवऱ्या’ करविल्या असा अर्थ होईल. मूर्तीभोवतीच्या आजच्या ओवऱ्या पाहणाऱ्याला हा अर्थ सहज पटेल. दुसरा मार्ग नपुंसकलिंगी एकवचनाचा : मूळ रूपे ‘सुत्तालें करवियलें’, अनुस्वार तेवढे गळलेले. तिसऱ्या मार्गाने पाहता हा ‘ए’ प्रत्यय नसून शब्दाचेच अंग ठरतो. ‘नयति’पासून ‘नेणे’ येते, म्हणजे ‘अय’चा ‘ए’ होतो. त्याच न्यायाने ‘आलय’चे ‘आले’ होणे स्वाभाविक आहे.

यांपैकी अनेकवचन सर्वांत दुबळे दिसते. कानडी ओळीतील ‘सुत्तालयवं’ हे द्वितीयेचे एकवचन आहे. एकच कृती, एकाच माणसाची, त्याच पायांशी दोन भाषांत नोंदली असता एका भाषेत एक आणि दुसरीत अनेक असे मानण्यास काही कारण हवे, आणि ते लेखात नाही. केवळ अनुस्वार नाही म्हणून ‘करवियले’ला अनेकवचन ठरविणारा अभ्यासक ‘गंगराजे’वरही अनुस्वार नाही हे विसरतो. त्या ठिकाणी तो गृहीत धरावाच लागतो. मग त्याच ओळीत पुढे तो का धरू नये? दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गांत निवड करण्याइतका पुरावा मात्र एवढ्या लहान ओळीत नाही. सुदैवाने दोहोंचा अर्थ एकच : गंगराजाने आवार करविले.

अधिक अवघड प्रश्न ही ओळ केव्हा आणि कोणाच्या हातची, हा आहे. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती, त्यामुळे दुसरी ओळ सुमारे शके 1039 (इ.स. 1117) पलीकडे जाऊ शकत नाही. ती नंतर जोडलेली पुरवणी असेल तर पहिली ओळ इ.स. 983 च्या सुमाराची राहू शकते. दोन्ही ओळी एका वेळी कोरल्या असतील, तर पहिली ओळही बाराव्या शतकात उतरते.

दोन्ही एकत्र असल्याचा एक पुरावा म्हणून पहिल्या ओळीतील कर्माचा अभाव दाखविता येईल. चामुंडरायाने काय करविले हे ती सांगत नाही. दुसरी मात्र ‘सुत्ताले’ असे स्पष्ट सांगते, जणू ‘त्याने हे केले, याने ते’. युक्तिवाद आकर्षक आहे, पण फोल आहे. चामुंडरायाच्या कानडी व तमिळ ओळींतही कर्म नाही. मूर्ती समोर उभी असता तिचे नाव घेण्याची गरज कोणालाच भासली नाही. ‘करवियले’ हे रूप दोन्हीकडे तेच आहे, यावरही भार टाकता येत नाही; वरची ओळ पाहून खालची रचणारा तीच शब्दयोजना उचलील. याउलट एका ओळीत अनुस्वार आणि दुसरीत त्यांचा लोप, यावरून दोन हात मानण्याचाही मोह होतो. परंतु जुन्या मराठी कोरीव लेखांत अनुस्वार इतका अनियमित आहे की, त्यावर लेखकभेद उभारता येणार नाही.

उरतो तो अक्षरवळणाचा पुरावा. दोन ओळींची तुलना सहसा अवघड असते, कारण अक्षरे भिन्न असतात. येथे ‘श्री’, ‘रा’, ‘जे’, ‘क’, ‘र’, ‘वि’, ‘य’, ‘ले’ ही अक्षरे दोन्ही ओळींत जशीच्या तशी येतात. एवढ्या छोट्या लेखात याहून सोयीची तुलना मिळणे कठीण. त्यांचे वळण एकच असून ते बाराव्या शतकाला जुळते, म्हणून दोन्ही ओळी गंगराजाच्या काळी एकदमच कोरल्या, हे मत नंतरच्या अभ्यासकांत बळावले. शब्दयोजनेचे अनुकरण करता येते, शतकापूर्वीच्या अक्षरांचे हुबेहूब वळण टाकी धरून सहज उतरविता येत नाही. आणि तसे करण्यात गंगराजाच्या कारागिराचा काही हेतूही दिसत नाही. उलट, नव्या आवारात येणाऱ्या मराठी यात्रेकरूंसाठी जुन्या दात्याचे आणि नव्या दात्याचे नाव एकत्र कोरण्यास सरळ प्रयोजन आहे.

हे मान्य केल्यास कोकणात अक्षी येथील शिलालेख, जो शके 934 (इ.स. 1012) चा असा वाचला जातो, श्रवणबेळगोळच्या लेखापुढे सरकतो. चामुंडरायाच्या मूर्तीचा काळ मात्र त्यामुळे जराही हलत नाही. हलतो तो त्याच्याविषयी मराठीत लिहिल्या गेलेल्या ओळीचा.