बस्त्याचे फडके

यंदा पुतणीच्या लग्नाचा बस्ता काढायला आम्ही दहाबारा माणसे किनवटच्या बाजारात गेलो होतो. चार तास गादीवर बसून, तीन वेळा चहा पिऊन आणि एकदा रुसवाफुगवा होऊन खरेदी झाली. दुकानातल्या पोराने सगळे कपडे रंगीत पिशव्यांत भरले आणि दारात आणून ठेवले. आमची आत्या ऐंशीच्या घरातली. ती उठेचना. म्हणाली, “अरे, बस्ता बांधला कुठं? हे तर नुसतं भरलं!”

मंडळी हसली. मी मात्र घरी आल्यावर विचार करीत बसलो, कारण आत्याचे बोलणे शब्दशः खरे होते. ‘बस्ता’ हा शब्द फारसी आहे आणि त्याचा अर्थच मुळी ‘बांधलेले’ असा आहे. आमचा किनवट तालुका निजामाच्या राज्यात होता, 1956 पर्यंत तर तो आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तेव्हा असले शब्द आमच्याकडे पाहुण्यासारखे आले आणि घरचेच होऊन बसले. बोचके हा त्यातलाच एक. तुर्कस्तानात नवरीचे कपडे ज्या चौकोनी फडक्यात बांधून देतात, त्याला तेथे ‘बोहचा’ म्हणतात. आपले बोचके त्याचेच भावंड. हैदराबादेत भेटीच्या ताटावर भरजरी ख्वानपोश घालीत. आपण मराठी माणसे त्या मानाने साधी; आपण ताटावर विणलेला रुमाल घातला.

रुमालाचे तर फारच मोठे घराणे आहे. आज रुमाल म्हणजे नाक पुसण्याचा कपडा, पण पेशवाईत कारकून कागदांचे गठ्ठे ज्या चौरस कापडात बांधीत तो रुमाल. 1818 साली पेशवाई बुडाली, कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले, पण बांधणी तीच राहिली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आजही रुमालांनी मोजतात. रियासतकार सरदेसाई यांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, ते असलेच रुमाल सोडून आणि पुन्हा बांधून. पोथीच्या फडक्याला बासन म्हणत. आता ते ‘प्रकरण बासनात गुंडाळले’ एवढ्यापुरतेच उरले आहे. इकडे माहूरला महानुभावांच्या मठांत किंवा तिकडे नांदेडला हुजूर साहिबात गेलात, तर पवित्र ग्रंथाचे वस्त्र अजून मानाने नांदताना दिसेल. गुरुद्वाऱ्यात तर भाविक ‘रुमाला’च अर्पण करतात, ज्यात ग्रंथ गुंडाळायचा ते वस्त्र हीच तेथे भेट.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे फडके पेटीसारखे एका मापाचे नसते. आज पोथी, उद्या लाडवाचा डबा, परवा लुगडे. गाठ सोडली की ते पुन्हा सपाट होऊन घडीत जाते. शिवाय त्याला ना डिंक लागतो ना दोरा.

आत्याने त्या संध्याकाळी पेटीतून तिच्या आईच्या बस्त्याचे फडके काढले. जाड सुताचे, तांबड्या काठाचे, एका कोपऱ्याला ठिगळ. ते माझ्या हातात देऊन म्हणाली, “गुरुजी झालास, पण बांधायला येतं का?” मला येत नव्हते. मग तिने शिकवले, आणि मी कागदपेन्सिल घेऊन मापे उतरवली.

समजा, आठ इंच चौरस आणि तीन इंच उंच असा मिठाईचा डबा आहे. फडक्याचा कर्ण, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, डब्याच्या रुंदीच्या तिप्पट आणि वर उंचीच्या दुप्पट धरावे. चोवीस आणि सहा मिळून तीस इंच झाले. त्यासाठी एकवीस इंचांची बाजू पुरते. आता बाजारात पंचेचाळीस इंच पन्ह्याचे सुती कापड मिळते. त्याचे सव्वा वार घेतले तर तो पंचेचाळीस इंचांचा चौरसच झाला. उभे-आडवे मधोमध कापा, चार फडकी निघतात आणि चिंधीही उरत नाही. कडा दुमडून शिवल्या तरी एकवीस इंच हाती राहतात. मात्र कोरे मांजरपाट कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवावे. ते पहिल्या धुण्यात आटते. कापून मग धुतले, तर गाठीला टोके अपुरी पडतात.

डबा फडक्याच्या मध्ये असा ठेवायचा की त्याच्या बाजू कोपऱ्यांकडे तोंड करतील. जवळचा कोपरा डब्यावर घालून उरलेले टोक आत खोचायचे, समोरचा त्यावर आणायचा, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांची गाठ मारायची. इथेच माझे चुकले. मी उजवे टोक डाव्यावर घेतले आणि पुन्हा उजवेच डाव्यावर घेतले. गाठीची टोके आडवी न राहता वरखाली उभी राहिली. आत्याने डबा उचलून हलवला मात्र, गाठ सुटली. दुसऱ्या खेपेला डावे उजव्यावर घ्यावे लागते. मग टोके दोन्हीकडे सरळ लोळतात, वजनाने गाठ आवळतच जाते, आणि सोडायची झाली तर एक टोक उलटे ताठ ओढले की दुसरे त्यावरून अलगद निसटते. नखे मोडावी लागत नाहीत.

कापड सुतीच हवे. गुळगुळीत कृत्रिम धाग्यावर गाठ धरत नाही. रंगीत असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून पाहावे. चिंधीला रंग लागला तर ते फडके कोऱ्या लुगड्यावर बांधू नये. तुपाचे डाग ही मोठी पीडा. त्याला आत्याचा उपाय पळसाच्या पानांचा, डब्याखाली दोन पाने घालायची. आमच्या रानात पळसाला तोटा नाही.

आणि त्या दुकानातल्या पिशव्या? हाताला कापडासारख्या लागतात, लोकही कापडीच म्हणतात. मी एकीचा धागा काढून उदबत्तीच्या निखाऱ्याला लावला. सूत असते तर कागदासारखा वास येऊन राख पडली असती. हा वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. ते प्लास्टिकच. 2018 साली आपल्या सरकारने प्लास्टिकवर जी बंदी घातली, तिच्यात ही न विणलेली कापडासारखी पिशवीही होती. जपानात 2006 साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून धागा काढून भेटी बांधण्याची ‘फुरोशिकी’ करवून घेतली होती. तेही प्लास्टिकच खरे, पण ते जन्मभर वापरायचे.

खरी अडचण कापडाची नाही, परतीची आहे. पूर्वी आहेराचे फडके गल्लीतच जाई आणि चार दिवसांत मूठभर साखर किंवा चार सुपाऱ्या घेऊन परत येई. रिकामे धाडणे कमीपणाचे वाटे. आता पाहुणे पुण्याहून, हैदराबादहून येतात. ते फडके परत कसे यायचे? त्यांना ते देऊन टाकावे लागते, म्हणजे भेटीत त्याचा खर्च धरावा लागतो. म्हणून आम्ही ठरवले, की गावात द्यायचे ते साध्या मांजरपाटात आणि परगावचे खणाच्या कापडात. मग ते परत आले नाही तरी कुणाची तरी चोळी होईल.

लग्नात आम्ही चाळीस फडकी बांधली. गावात दिलेल्या चोवीसांपैकी आजवर सतरा परत आली आहेत. एकात बत्तासे होते. उरलेल्या सातांची नावे आत्याला तोंडपाठ आहेत.