पहिली पाळी आलीच नाही तर : प्राथमिक अनार्तव

वयाची १५ वर्षे पूर्ण होऊनही मुलीला एकदाही पाळी आली नसेल, तर त्या स्थितीला प्राथमिक अनार्तव म्हणतात. १३ वर्षांपर्यंत स्तनांची वाढच सुरू झाली नसेल, किंवा ती सुरू होऊन तीन वर्षे उलटली तरी पाळी आली नसेल, तर पंधराव्या वर्षाची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

कारणे बरीच असली तरी ती शोधण्याची सुरुवात दोन प्रश्नांपासून होते. स्तनांची वाढ झाली आहे का? आणि गर्भाशय आहे का? पहिल्याचे उत्तर शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होते की नाही हे सांगते. दुसऱ्याचे उत्तर सोनोग्राफीतून मिळते.

स्तनांची वाढ झालेली नसेल तर

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी 'एफएसएच' हे संप्रेरक सोडून बीजकोशांना कामाला लावते. बीजकोश प्रतिसाद देत नसतील तर ग्रंथी अधिकाधिक एफएसएच सोडते. त्यामुळे रक्तात त्याचे प्रमाण खूप वाढलेले आढळले, तर दोष बीजकोशांत असतो. याचे नेहमी आढळणारे कारण म्हणजे टर्नर सिंड्रोम. यात दोनऐवजी एकच एक्स गुणसूत्र असते किंवा दुसरे अपुरे असते. मुलीची उंची कमी राहते. हृदयाचे दोषही असू शकतात, म्हणून हृदयाची तपासणी आवश्यक ठरते.

एफएसएच कमी असेल तर मेंदूकडूनच संदेश येत नाही. घराण्यातच वयात येणे उशिरा असणे, वजन फार कमी असणे, अतिव्यायाम किंवा दीर्घ आजार ही त्याची कारणे असू शकतात. मुलीला जन्मापासून वास येत नसेल तर कालमन सिंड्रोमची शक्यता असते.

येथे एक चूक होऊ शकते. इस्ट्रोजेन मिळाले नसेल तर गर्भाशय अगदी लहान राहते आणि सोनोग्राफीत 'गर्भाशय नाही' असा अहवाल येतो. उपचाराने इस्ट्रोजेन मिळाल्यावर तेच गर्भाशय वाढते. म्हणून अशा एका अहवालावर निष्कर्ष काढू नये.

वाढ झाली आहे, पण पाळी नाही

दर महिन्याला ओटीपोटात दुखते पण रक्त बाहेर येत नाही, असे असेल तर वाट बंद असण्याची शक्यता मोठी. योनीच्या तोंडावरील पडद्याला छिद्र नसेल, तर पाळीचे रक्त आत साठत जाते. काही मुलींना लघवीही अडते. भूल देऊन पडद्याला छेद दिला की रक्त बाहेर येते आणि पुढची पाळी नियमित येऊ शकते. अडथळा योनिमार्गात वर असेल तर आधी एमआरआय करून शस्त्रक्रिया ठरवावी लागते. कारण न शोधता 'पाळी आणण्याच्या' गोळ्या दिल्या, तर अशा मुलीचा त्रास वाढू शकतो.

आता एक उदाहरण घेऊ. मुलगी १६ वर्षांची आहे. उंची चांगली, स्तनांची वाढ पूर्ण, पोटदुखी नाही. सोनोग्राफीत बीजकोश दिसतात, गर्भाशय दिसत नाही. अशा वेळी मुख्यतः दोन शक्यता उरतात.

काखेत आणि जांघेत नेहमीसारखे केस असतील, टेस्टोस्टेरॉन मुलींच्या पातळीत असेल आणि गुणसूत्रे ४६, एक्सएक्स असतील, तर ती एमआरकेएच सिंड्रोम ठरते. सुमारे ४,५०० ते ५,००० मुलींमागे एकीत ही स्थिती आढळते. गर्भात असताना गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग घडलेला नसतो, बीजकोश मात्र व्यवस्थित काम करतात. यांपैकी बऱ्याच जणींत एक मूत्रपिंड नसते किंवा जागा सोडून असते, म्हणून त्याचीही सोनोग्राफी करतात.

केस फारच विरळ आणि टेस्टोस्टेरॉन मुलांइतके असेल, तर गुणसूत्रे ४६, एक्सवाय निघतात. सोनोग्राफीत बीजकोश वाटलेल्या ग्रंथी वृषण असतात. शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद देत नाही, पण त्यातूनच इस्ट्रोजेन बनते आणि स्तन वाढतात. या ग्रंथी लगेच काढण्याची घाई नसते, कारण वयात येईपर्यंत कर्करोगाचा धोका कमी असतो.

आपल्या उदाहरणातील मुलीचे केस नेहमीसारखे होते आणि गुणसूत्रे ४६, एक्सएक्स निघाली. म्हणजे एमआरकेएच. तिला पाळी येणार नाही. योनिमार्ग लांबवण्यासाठी डायलेटर वापरणे हा पहिला उपाय असतो. बहुतेकींत तो पुरतो, पण तो मुलीची स्वतःची तयारी झाल्यावरच सुरू करायचा असतो. लग्न ठरले म्हणून घाईने शस्त्रक्रिया करणे योग्य नाही. बीजकोश असल्याने स्वतःच्या बीजापासून सरोगसीद्वारे मूल होणे शक्य असते. गर्भाशय प्रत्यारोपणही होते. भारतात ते पहिल्यांदा २०१७ मध्ये पुण्यात झाले.

निदान काहीही निघाले तरी ते मुलीला तिच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगायला हवे. तपासणी तिच्या शरीराची असते, आणि हे निदान तिला आयुष्यभर सोबत न्यायचे असते.