मिनिटाला तीन मिलिमीटर : अर्धशिशीआधी दिसणाऱ्या नागमोडी रेषेची गोष्ट

आजचा एपिसोड ऐकताना एक छोटी गोष्ट करून बघा. समोरच्या एखाद्या ठिपक्याकडे नजर लावा आणि कल्पना करा, की त्याच्या अगदी शेजारी एक बारीक चमचमता डाग उमटलाय. तुम्ही डोळा चोळता, डाग जात नाही. दुसरा डोळा झाकता, तरी तो तिथेच. पाच मिनिटांत त्याची चंद्रकोर होते, कडेला करवतीच्या दात्यांसारखी झिगझॅग रेषा लुकलुकते आणि आतल्या बाजूचं काहीच दिसेनासं होतं. वीस-पंचवीस मिनिटांत ती कोर मोठी होत होत नजरेच्या कडेला जाते आणि गायब. आणि मग डोकं ठणकायला लागतं.

मला हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी मोबाइलवर मेसेज वाचत होतो. शब्दांची मधली अक्षरं दिसेनात. मला वाटलं, स्क्रीन गेली. मग वाटलं, डोळा गेला. दोन्ही ठीक होते. जे चाललं होतं ते मेंदूच्या मागच्या भागात. याला ‘ऑरा’ म्हणतात. अर्धशिशी असलेल्या सगळ्यांनाच तो येत नाही, साधारण चारातल्या एकाला येतो.

प्रश्न असा, की दुखणं नंतर आणि हा खेळ आधी, असं का?

याचं उत्तर शोधायची सुरुवात एका माणसाने कागद-पेन्सिल घेऊन केली. कार्ल लॅशली हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांना स्वतःलाच ऑरा यायचा. घाबरण्याऐवजी ते एका बिंदूवर नजर रोखून बसायचे आणि ठरावीक वेळाने त्या कोरीची जागा कागदावर काढून ठेवायचे. असे बरेच नकाशे जमल्यावर 1941 मध्ये त्यांनी ते छापले.

आता त्यांचा हिशोब बघा. डोळ्यासमोरच्या दृश्याचा एक नकाशा मेंदूच्या मागच्या पृष्ठभागावर असतो, पण तो समान मापाचा नाही. नजरेच्या मध्यभागाला तिथे भरपूर जागा मिळालेली असते, कडांना कमी. म्हणून मेंदूत काहीतरी एकाच संथ वेगाने सरकत असेल, तर आपल्याला ते मध्यापाशी रेंगाळल्यासारखं आणि कडेकडे जाताना धावल्यासारखं दिसेल. लॅशलींची कोर नेमकी तशीच वागत होती. मध्यापासून कडेपर्यंत जायला लागणारा वेळ माहीत, मेंदूवरचं अंतर साधारण माहीत. वीस मिनिटांत सुमारे सहा सेंटिमीटर. म्हणजे मिनिटाला तीन मिलिमीटर. त्यांनी पुढे असंही लिहिलं, की पुढच्या कडेला पेशी जोरात पेटत असाव्यात आणि मागे पूर्ण शांत होत असाव्यात. चमचमती रेषा म्हणजे ती कड, आंधळा भाग म्हणजे मागची शांतता.

मेंदूला हातही न लावता त्यांनी हे सगळं सांगितलं!

तीनच वर्षांनी, 1944 मध्ये, हार्वर्डमधूनच दुसरा एक शोधनिबंध आला. आरिस्टिडेस लेआओ हे ब्राझीलचे तरुण संशोधक. ते अपस्माराचा, म्हणजे फिट्सचा अभ्यास करत होते. बेशुद्ध सशाच्या मेंदूला विजेचा हलका धक्का द्यायचा आणि झटका कसा पसरतो ते बघायचं, असा बेत. झालं उलटंच. विजेच्या रेषा उसळण्याऐवजी सपाट झाल्या. आधी धक्क्याच्या जागेजवळच्या, मग त्याच्या शेजारच्या, मग त्याच्या पलीकडच्या. शांतता सरकत होती, मिनिटाला दोन ते तीन मिलिमीटर. त्यांनी नाव दिलं ‘स्प्रेडिंग डिप्रेशन’. इथे डिप्रेशन म्हणजे मन उदास होणं नव्हे, पेशींचं काम मंदावणं.

नसेतून संदेश सेकंदाला कित्येक मीटर जातो. मग ही लाट मुंगीपेक्षाही हळू का? सह्याद्रीतला उन्हाळ्यातला वणवा आठवा. पेटती कड पुढे जाते ती शेजारचं गवत तापवून. मेंदूतही तसंच होतं. पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर आणि बाहेर अगदी थोडं असतं. एका जागी पेशी अति पेटल्या, की पोटॅशियम आणि ग्लुटामेट बाहेर सांडतं. ते झिरपत शेजारच्या पेशींपर्यंत जातं, त्या पेटतात आणि आपलं पोटॅशियम सांडतात. सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतं, पेशीची बॅटरी पूर्ण उतरते आणि ती गप्प होते. मग पेशीतले पंप ऊर्जा खर्च करून सगळं पुन्हा जागेवर आणतात. त्याला काही मिनिटं लागतात. जळालेल्या रानात लगेच दुसरा वणवा लागत नाही, म्हणून लाट मागे वळत नाही.

लेआओंनी 1945 मध्ये अर्धशिशीचा उल्लेख केला होता, पण दोन्ही वेग शेजारी ठेवून बघितले ते पीटर मिलनर यांनी, थेट 1958 मध्ये. तोवर डॉक्टरांचा भर दुसऱ्याच कल्पनेवर होता : रक्तवाहिनी आकसली की ऑरा, फुगली की वेदना. ऐकायला सोपी, पण 1981 मध्ये कोपनहेगनमध्ये येस ओलेसेन आणि सहकाऱ्यांनी ऑराच्या वेळी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा ती अडखळली. रक्तप्रवाह कमी होत होता खरा, पण हळूहळू पुढे सरकत आणि रक्तवाहिन्यांच्या हद्दी न जुमानता. पुढे असंही दिसलं, की अनेकांचं डोकं दुखायला लागतं तेव्हा रक्तप्रवाह अजून कमीच असतो. 2001 मध्ये बॉस्टनमध्ये व्यायामानंतर ऑरा येणाऱ्या एका माणसाला एमआरआय मशीनमध्ये ठेवून लाट टिपली गेली. वेग साडेतीन मिलिमीटर. लॅशलींची पेन्सिल फार चुकली नव्हती.

आता मूळ प्रश्न. मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही. वेदनेच्या नसा आहेत त्या मेंदूभोवतीच्या आवरणात, आणि त्या चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या मोठ्या नसेच्या फांद्या आहेत. लाट जाते तेव्हा सांडलेली रसायनं झिरपत त्या आवरणापर्यंत पोहोचायला आणि तिथे सूज, जळजळ सुरू व्हायला वेळ लागतो. उंदरांवरच्या एका प्रयोगात लाटेनंतर त्या नसा सरासरी 14 मिनिटांनी पेटल्या. म्हणजे ऑरा ही वेदनेची पूर्वसूचना नाही. तो वणवा आहे, आणि डोकेदुखी म्हणजे उशिरा पोहोचणारा धूर.

पण गोष्ट इथे पूर्ण होत नाही. बहुतेकांची अर्धशिशी ऑराशिवायच येते. काहींना ऑरा येतो आणि डोकं दुखतच नाही. त्यामुळे वेदनेची वाट फक्त या लाटेतूनच जाते असं म्हणता येत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कारण इथे वेगच कामाला येतो. ऑरा पाच मिनिटं किंवा जास्त वेळ घेत सरकतो आणि बहुधा चमकतो. लकवा बहुतेक वेळा क्षणात येतो, आणि काहीतरी नाहीसं होतं : दिसणं, बोलणं, हाताची ताकद. अचानक असं झालं, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच ऑरा आला, तर घड्याळ बघत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

माझ्यासारखा जुना गिऱ्हाईक असाल, तर पुढच्या वेळी कागद घ्या. ठिपका काढा, दर दोन मिनिटांनी कोर काढा. डॉक्टरांना ते चित्र ‘डोळ्यापुढे काहीतरी होतं’ या वाक्यापेक्षा बरंच जास्त सांगेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.