दुहेरी करातून सवलत : ‘कमी दरा’च्या नियमाचा शतकभराचा प्रवास

१/ समजा, कायम भारतात राहणारी एखादी व्यक्ती आर्थिक वर्षातील पाच महिने लंडनमधील कंपनीत नोकरी करून परतली. तेथील वेतनातून ब्रिटनचा प्राप्तिकर कापला गेला. पण त्या वर्षी तिचे भारतातील वास्तव्य १८२ दिवसांहून अधिक असल्याने तेच वेतन येथील विवरणपत्रातही दाखवावे लागते. एकाच उत्पन्नावर दोन सरकारांचा हक्क! यावरील तोडग्याचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. 🧵

२/ युद्धापूर्वी ब्रिटनमधील प्राप्तिकराचा दर पौंडाला १ शिलिंग २ पेन्स, म्हणजे सुमारे ६ टक्के होता. १९१८ पर्यंत तो ६ शिलिंग, म्हणजे ३० टक्के झाला. साम्राज्यात दोन ठिकाणी कर भरणाऱ्यांना हा भार असह्य झाला. १९१६ मध्ये तात्पुरती सवलत आली आणि १९२० च्या वित्त कायद्याच्या कलम २७ ने ती कायम केली.

३/ तत्त्व असे : दोन दरांपैकी कमी दराइतकी सवलत द्यायची. मात्र ब्रिटन आपल्या दराच्या निम्म्यापर्यंतच भार उचलणार. उरलेला भाग भारताने परत करावा, अशी तरतूद १९२२ च्या भारतीय प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४९ मध्ये झाली. भारताचा परतावाही भारतीय दराच्या निम्म्यापलीकडे जात नसे.

४/ उदाहरणार्थ, मुंबईतील व्यवसायाचे १०,००० रुपये दोन्हीकडे करपात्र आहेत. भारतीय दर रुपयाला १ आणा धरल्यास येथील कर ६२५ रुपये, तर ब्रिटनचा ३,००० रुपये. भारतीय दर ब्रिटिश दराच्या निम्म्याहून कमी असल्याने संपूर्ण ६२५ रुपये ब्रिटन सोडून देई. एकूण कर ३,६२५ ऐवजी ३,००० रुपये होई.

५/ स्वातंत्र्यानंतर साम्राज्यांतर्गत व्यवस्थेची जागा द्विपक्षीय करारांनी घेतली. १९६१ च्या कायद्यात करार असलेल्या देशांसाठी कलम ९० आणि नसलेल्यांसाठी कलम ९१ आले. ब्रिटनशी सध्याचा करार १९९३ चा आहे. वाटणीचे जुने सूत्र गेले. ‘कमी ती रक्कम’ हे तत्त्व मात्र टिकले.

६/ आता लंडनच्या वेतनाकडे वळू. त्या वेतनावर भारतात २ लाख रुपये कर बसतो आणि ब्रिटनमध्ये दीड लाख भरला आहे, असे धरू. सवलत दीड लाखाची मिळेल. येथे ५० हजार भरावे लागतील. ब्रिटनमध्ये अडीच लाख भरले असतील, तर सवलत २ लाखांवर थांबेल. वरचे ५० हजार भारत परत करत नाही, कारण ते त्याच्या तिजोरीत आलेलेच नसतात.

७/ दुसरी अट पुराव्याची. परदेशात कर भरल्याचे सिद्ध करणे १९२२ मध्येही करदात्याकडेच होते. २०१७ पासून लागू झालेल्या नियम १२८ ने त्यासाठी ‘फॉर्म ६७’ आणला. सोबत कर भरल्याचे किंवा कापल्याचे प्रमाणपत्र हवे. विवरणपत्रात सवलत मागितली, पण फॉर्म भरलाच नाही, तर कर विभाग ती नाकारून थकबाकीची नोटीस धाडतो. असे कितीतरी वाद प्राप्तिकर न्यायाधिकरणापर्यंत गेले आहेत.