लहान मुलांचा ताप आणि पॅरासिटामॉलची मात्रा

पॅरासिटामॉल हे लहान मुलांच्या तापात सर्वाधिक वापरले जाणारे औषध आहे. एक ते तीन वर्षे वयाच्या बालकात त्याची मात्रा वयावरून नव्हे, तर वजनावरून ठरवली जाते. काखेत मोजलेले तापमान ३८ अंश सेल्सिअस (१००.४ अंश फॅरनहाइट) किंवा अधिक असल्यास सामान्यतः ताप आहे असे मानतात. पॅरासिटामॉलने तापाचे कारण बरे होत नाही. मुलाचा त्रास कमी होतो आणि ते पाणी व अन्न घेऊ लागते. मूल खेळत व पीत असेल, तर केवळ तापमापकावरील आकड्यासाठी औषध देणे आवश्यक नसते.

## मात्रेचे गणित

एका वेळची मात्रा दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम असते. दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवतात आणि २४ तासांत चारपेक्षा अधिक मात्रा देत नाहीत. म्हणजेच दिवसभराची मर्यादा दर किलोमागे ६० मिलिग्रॅम होते.

दोन वर्षांच्या मुलाचे वजन सुमारे १२ किलो असणे अपेक्षित असते. परंतु कमी वजनाचे मूल त्याच वयात ९ किलोचेही असू शकते. वयावरून औषध दिल्यास अशा मुलाला गरजेपेक्षा जास्त मात्रा मिळते. ९ किलो वजनाच्या मुलाची एका वेळची मात्रा ९ × १५ = १३५ मिलिग्रॅम होते. बाजारात औषधाची तीव्रता वेगवेगळी असल्याने तीच मात्रा वेगवेगळ्या आकारमानात मोजावी लागते.

| बाटलीवरील तीव्रता | १३५ मिलिग्रॅमसाठी औषध |
|---|---|
| ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम | सुमारे ५.५ मिलिलिटर |
| ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम | सुमारे २.७ मिलिलिटर |
| थेंब, १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम | सुमारे १.३ मिलिलिटर |

## बीड जिल्ह्यातील संदर्भ

बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. लहान मुले आईवडिलांसोबत फडाजवळच्या कोपीवर राहतात. गावातील अंगणवाडी व आशा सेविका तेथे नसतात आणि औषध जवळच्या दुकानातून घेतले जाते.

अशा वेळी गावी वापरलेली बाटली १२० मिलिग्रॅमची आणि नवी २५० मिलिग्रॅमची असण्याची शक्यता असते. वरील मुलाला सवयीने ५.५ मिलिलिटर दिल्यास एका वेळी २७५ मिलिग्रॅम, म्हणजे दुपटीहून अधिक औषध जाते. चार वेळा दिल्यास ते दिवसाला ११०० मिलिग्रॅम होते; मुलाची मर्यादा मात्र ५४० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे प्रत्येक नवीन बाटलीवरील तीव्रता वाचणे, औषध घरातील चमच्याऐवजी मापाच्या सिरिंजने देणे आणि वेळ लिहून ठेवणे आवश्यक असते. माता व बाल संरक्षण कार्डावर मुलाच्या वजनाची नोंद असते. मात्र ती जुनी असल्यास वजन पुन्हा करावे लागते. तीव्र कुपोषित मुलाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते. ती सोबत दिल्यास नकळत दुहेरी मात्रा होते. अतिमात्रेमुळे यकृताला इजा होते, परंतु पहिल्या दिवशी मूल ठीक दिसू शकते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता बाटलीसह रुग्णालय गाठावे.

## घरगुती काळजी

मुलाला वारंवार पाणी, स्तनपान किंवा पातळ अन्न द्यावे, अंगावर हलके कपडे ठेवावेत आणि गोधडीत गुंडाळू नये. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवण्याची पद्धत रूढ आहे. मिठाचा त्यात विशेष उपयोग नसतो. बर्फाच्या पाण्याने मूल कुडकुडते. ॲस्पिरिन देऊ नये. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडवर भारतात २०११ पासून बंदी आहे. डेंग्यूची शक्यता असल्यास आयब्युप्रोफेनही टाळतात, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

## डॉक्टरांकडे नेण्याची लक्षणे

पुढील लक्षणे दिसल्यास औषधाने ताप उतरला तरीही मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे:

* काहीही न पिणे किंवा घेतलेले सर्व उलटून पडणे
* सुस्ती, बेशुद्धी किंवा झटके
* शांत असताना मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे
* मान ताठ होणे, दाबूनही न फिकटणारे पुरळ किंवा रक्तस्राव
* आठ तास लघवी न होणे

ताप दोन दिवसांहून अधिक टिकल्यासही तपासणी आवश्यक असते. डेंग्यूत ताप उतरतानाच धोका वाढतो; तेव्हा पोटदुखी, सततच्या उलट्या आणि थंड हातपाय ही गंभीर लक्षणे मानतात. तीन महिन्यांखालील बाळाचा कोणताही ताप डॉक्टरांना त्वरित दाखवावा.

झटके आल्यास मुलाला कुशीवर निजवावे व वेळ मोजावी. तोंडात काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपयोग होत नाही. झटका पाच मिनिटांत न थांबल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. बीड जिल्ह्यात बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही मोठी शासकीय उपचार केंद्रे आहेत.