गावातल्या वकिलाची किंवा अकाउंटंटची टॅगलाइन कशी असावी? आधी नियम काय सांगतो ते पाहा

तालुक्याच्या गावात बसस्टँडकडून कोर्टाकडे जाताना पाट्या वाचत गेलं तर काही शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. 'खात्रीशीर सेवा', 'एकमेव विश्वसनीय ठिकाण', 'सर्व प्रकारची कामे केली जातील'. बोअरवेलच्या पाटीवर हेच असतं, चष्म्याच्या दुकानावर हेच आणि कर सल्लागाराच्या ऑफिसवरही हेच. नवीन ऑफिस टाकणाऱ्याला यापेक्षा वेगळं काहीतरी हवं असतं. लोकांना विश्वास वाटावा, पण 'फारच मोठेपणा मिरवतो' असं कुणी म्हणू नये, असं काहीतरी.

मात्र शब्द शोधण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. टॅगलाइन लावायची परवानगी तरी आहे का? याचं उत्तर वकिलासाठी वेगळं, सीएसाठी वेगळं आणि सीए नसलेल्या अकाउंटंटसाठी आणखी वेगळं आहे.

वकील: पाटीवर जवळपास काहीच नाही

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला ३६ वा नियम वकिलाला थेट किंवा आडून जाहिरात करायला आणि काम मागायला मनाई करतो. पाटी 'वाजवी आकाराची' असावी, एवढं म्हणून तो थांबत नाही. पाटी, नेमप्लेट आणि लेटरहेडवर काय नसावं, हेही त्यात आहे. बार असोसिएशनचा आजी-माजी अध्यक्ष किंवा सदस्य असल्याचा उल्लेख नको, एखाद्या संस्थेशी किंवा चळवळीशी असलेलं नातं नको, पूर्वी न्यायाधीश होतो हे नको आणि अमुक प्रकारच्या कामात विशेष प्रावीण्य आहे हेही नको. म्हणजे 'फौजदारी प्रकरणांचे तज्ज्ञ' ही ओळ कितीही खरी असली तरी पाटीवर नियमबाह्य ठरते.

ही कडक भूमिका आजची नाही. १९२९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका प्लीडरचं प्रकरण आलं होतं. त्याने आपलं नाव, पत्ता आणि ओळख छापलेली पोस्टकार्डं पाठवली होती. त्यात बढाई नव्हती, तरी ती जाहिरातच मानली गेली.

वेबसाइटच्या बाबतीत २००८ पासून थोडी सूट मिळाली. नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा क्रमांक व तारीख, कोणत्या राज्याच्या बार कौन्सिलमध्ये नोंद आहे ते, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढी माहिती देता येते. गंमत अशी की 'दिवाणी व महसूल' असं कामाचं क्षेत्र वेबसाइटवर चालतं, पण रस्त्यावरच्या पाटीवर विशेष प्रावीण्य सांगणं चालत नाही.

सगळ्यात धोकादायक ओळ म्हणजे 'केस जिंकल्यावरच फी'. ती जाहिरात तर आहेच, शिवाय निकालावर फी ठरवायला नियमावलीत वेगळी बंदी आहे. एका ओळीत दोन नियम मोडतात. गैरवर्तन सिद्ध झालं तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार ताकीद, काही काळासाठी निलंबन किंवा थेट सनद जाणं इथपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्रतिस्पर्धी वकिलाने पाटीचा एक फोटो जोडून तक्रार केली तरी चौकशीची सुरुवात होऊ शकते, आणि छोट्या गावात फोटो काढणारे कमी नसतात.

मग वकिलाने काय लिहावं? नाव, पदवी, पत्ता, फोन आणि भेटीची वेळ. यातली शेवटची गोष्ट बहुतेकजण विसरतात. 'सायंकाळी ६ ते ८, रविवारी बंद' ही टॅगलाइन नाही, पण आडगावाहून एसटीने येणाऱ्या पक्षकाराला कुठल्याही विशेषणापेक्षा ती जास्त उपयोगी पडते. अर्थात त्या वेळेत वकीलसाहेब खुर्चीवर असतील तरच.

सीए: वर्णन चालेल, तुलना नाही

चार्टर्ड अकाउंटंटला १९४९ च्या कायद्याने बांधलेलं आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत काम मागणं आणि व्यावसायिक कर्तबगारीची जाहिरात करणं गैरवर्तनात धरलं आहे. मात्र सेवा आणि फर्मची माहिती देणारा मजकूर संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या चौकटीत प्रसिद्ध करता येतो. ही तत्त्वं वेळोवेळी बदलतात, त्यामुळे छापण्याआधी आयसीएआयच्या संकेतस्थळावरची ताजी प्रत पाहावी. त्यामागचा विचार मात्र सरळ आहे. काय करतो ते सांगा, इतरांपेक्षा चांगलं करतो असं सांगू नका. 'जिल्ह्यातील अग्रगण्य' हे शब्द तिथेच अडतात.

सीए नसलेला अकाउंटंट: मोकळीक आहे, म्हणून जबाबदारीही

गावोगावी हिशेब, आयकर आणि जीएसटीचं बरंचसं काम करणारे लोक सीए नसतात. बी.कॉम. झालेले कर सल्लागार किंवा जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी केलेले असतात. वरचे नियम त्यांना लागू नाहीत. पण दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, नावापुढे 'सीए' किंवा तसा भास होईल असं काही लावणं. सदस्य नसताना ते वापरणं कायद्याने गुन्हा आहे. दुसरं, 'सरकारमान्य'. जीएसटीची नोंदणी असेल तर 'नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर' एवढंच लिहावं, कारण 'सरकारमान्य' वाचून सरकारने कामाची हमी घेतल्यासारखं वाटतं.

आणि ज्याच्याकडे वकिलीची सनद आहे, त्याने करसल्ल्याचं ऑफिस टाकलं तरी ३६ वा नियम सुटत नाही.

टॅगलाइनला खरी जागा इथे आहे, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

एक ओळ तयार होताना

समजा, तासगावसारख्या गावात एका कर सल्लागाराचं ऑफिस आहे. किराणा, हार्डवेअर, ट्रॅक्टरचे पार्ट असे साठेक दुकानदार दर महिन्याला जीएसटीचं काम देतात. पाटीवर सध्या लिहिलंय, 'विश्वसनीय व तत्पर सेवा. सर्व प्रकारची कामे खात्रीशीर केली जातील.'

पहिली चाचणी उलटी करून बघायची. 'आमच्याकडे अविश्वसनीय व सुस्त सेवा मिळते' असं कुणी लिहील का? नाही. ज्या वाक्याचं उलट कुणीच लिहिणार नाही, त्या वाक्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. या चाचणीत वरची पाटी पूर्ण पुसली जाते.

दुसरी पायरी म्हणजे शेवटच्या दहा गिऱ्हाइकांना विचारणं. पण 'आमचं काय आवडतं' असं विचारलं की सगळे गोडच बोलतात. त्यापेक्षा 'आमच्याकडे यायच्या आधी कशाची काळजी वाटायची?' हे विचारावं आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यावं. या धंद्यात एक उत्तर हमखास मिळतं. 'पैसे दिले, पण रिटर्न खरंच भरलं का ते कळायचं नाही. नोटीस आल्यावर कळलं.' ही भीती पोकळ नाही. महिन्याचं जीएसटीआर-३बी साधारणपणे पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावं लागतं आणि उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क चढतं, व्यवहार शून्य असेल तर २० रुपये. कर भरायचा राहिला असेल तर व्याज वेगळं. गिऱ्हाइकाला हे महिन्याभराने समजतं, तोवर रक्कम वाढलेली असते.

तिसरी पायरी, या भीतीवर आपण दर महिन्याला करतो अशी एखादी गोष्ट शोधणं. रिटर्न भरलं की पोर्टल एआरएन नावाचा क्रमांक देतं. तो गिऱ्हाइकाला पाठवला की शंका उरत नाही. आयकरात हेच काम पोचपावती करते. म्हणून पहिला मसुदा तयार होतो, 'जीएसटी, आयकर, हिशेब. रिटर्नची पावती त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर.'

इथे घाई करू नये. २० तारखेला पोर्टल रेंगाळतं, रात्री उशिरापर्यंत काम चालतं, साठ जणांना त्याच दिवशी पावती जाईलच असं नाही. एका महिन्यात पाच जणांचं राहिलं तर पाटीच खोटी ठरते. म्हणून वेळ काढून टाकायची आणि जे आपल्या हातात आहे तेवढंच ठेवायचं:

'जीएसटी, आयकर, हिशेब. रिटर्न भरलं की पावती तुमच्या मोबाईलवर.'

यात एकही विशेषण नाही. आपण प्रामाणिक आहोत असं कुठेही म्हटलेलं नाही, तरी प्रामाणिक नसलेल्या माणसाला ही ओळ लावणं परवडणार नाही.

मराठीची एक बारीक गोष्टही इथे कामी येते. पाट्यांवरचं 'केली जातील' कोण करणार हे सांगत नाही आणि सगळं भविष्यावर ढकलतं. 'पावती दिली जाईल' हे आश्वासन वाटतं, 'पावती मिळते' ही सवय वाटते. रोजच्या वर्तमानकाळातली क्रियापदं बढाईखोर वाटत नाहीत, कारण ती लगेच तपासता येतात. याउलट 'सुप्रसिद्ध', 'नामांकित', 'तज्ज्ञ' हे शब्द मराठीत दुसऱ्याने आपल्याबद्दल वापरायचे आहेत. सत्काराच्या पत्रिकेत ते शोभतात, स्वतःच्या दारावर नाही.

पाटी रंगवताना अक्षरांचा आकारही बघावा लागतो. दहा फुटांवरून सहज वाचायला साधारण एक इंच उंचीचं अक्षर लागतं, असा पाटीवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे. रस्ता तीस फुटांचा असेल तर तीन इंच. एवढ्या मोठ्या अक्षरात लांब वाक्य मावत नाही. म्हणून पाटीवर नाव आणि 'जीएसटी, आयकर, हिशेब' मोठं, तर पावतीची ओळ खाली लहान ठेवावी. ती मुख्यतः व्हिजिटिंग कार्डावर आणि फीच्या बिलावर वाचली जाणार असते.

ओळ चालतेय का, हे कसं कळतं?

'छान आहे' म्हणणाऱ्यांवरून कळत नाही. प्रत्येक महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला 'आमचं भरलं ना?' असे किती फोन आले, ते वहीत लिहावं. पावत्या खरंच जात असतील तर तीन-चार महिन्यांत हे फोन कमी झालेले दिसतात. नवीन माणूस येऊन 'तुम्ही पावती पाठवता म्हणे' असं म्हणाला, तर ओळ पाटीवरून उतरून लोकांच्या तोंडी गेली.

फोन कमी झाले नाहीत तर शब्द बदलायला बसू नये. आधी मागच्या महिन्यातल्या साठ जणांची यादी काढावी आणि कुणाला पावती गेली, कुणाला नाही, त्यावर खुणा कराव्यात. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. पावती पाठवायचं काम ऑफिसातल्या एका मुलाकडे असतं आणि तो नेमका २० तारखेला सुट्टीवर असतो.