जी-६-पीडी न्यूनता : मुलांसाठी वर्ज्य व सुरक्षित औषधे

तांबड्या रक्तपेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारे जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या मुलांत काही औषधांमुळे त्या पेशी झपाट्याने फुटतात. प्रायमाक्विन, टाफेनोक्विन, डॅप्सोन, रॅसब्युरिकेज व मिथिलिन ब्लू ही त्यांतील ठळक औषधे. मूत्रमार्गाच्या संसर्गावरील नायट्रोफ्युरँटॉइनही टाळावे. औषधानंतर साधारण १ ते ३ दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, मूल पांढुरके पडते, डोळे पिवळे दिसतात. अशा वेळी औषध थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे. ऐन रक्तविघटनात तपासणी खोटी सामान्य येऊ शकते, म्हणून ती सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा करतात.

जुन्या याद्यांत पॅरासिटामॉलचेही नाव आढळते. मात्र त्यानंतर दिसलेल्या रक्तविघटनाचे कारण बहुधा मूळ संसर्ग असतो. संसर्गाने एकट्यानेही पेशी फुटतात. म्हणून भीतीपोटी उपचार टाळणेच अधिक घातक. १२ किलोच्या मुलाला तापात दर किलोस १५ मिग्रॅ. याप्रमाणे पॅरासिटामॉलची १८० मिग्रॅ. मात्रा, किमान चार तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त नाही, अशी चालते. जिवाणुसंसर्गात अमॉक्सिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन गटातील औषध डॉक्टर देऊ शकतात. व्हायव्हॅक्स हिवतापात प्रायमाक्विन पूर्ण वर्ज्यही नाही; वैद्यकीय देखरेखीखाली ते आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देता येते. न्यूनतेची नोंद असलेले कार्ड प्रत्येक डॉक्टरला व औषधविक्रेत्याला आधी दाखवावे.